नऊ फ्रेमचं अडखळणं

मी घरी बसून मारामाऱ्या बनवते. नवऱ्याच्या नातेवाइकांत हे सांगायची सोय नाही, म्हणून लग्नानंतर दोन वर्षं मी "कॉम्प्युटरचं काम" एवढंच सांगून भागवलं. खरं म्हणजे लातूरला आमची पाच जणांची टोळी आहे, दोन खोल्यांत बसते, आणि व्हिडिओ गेम करते. मी नांदेडहून काम करते आणि पंधरा दिवसांतून एकदा एस.टी.नं लातूरला जाते. गेममध्ये कुणी कुणाला काठीनं, तलवारीनं, लाथेनं मारलं तर तो मार लागल्यासारखा वाटला पाहिजे, हे बघणं माझं काम. मार लागल्यासारखा वाटत नसेल तर शिव्या मला.

आणि मला शिव्या सहन होत नाहीत. हे आधीच सांगून ठेवते. माहेरी औशाला माझी आई म्हणायची, हिच्या नाकावर राग बसलेला असतो, उठायचं नाव घेत नाही.

त्या वर्षी आमच्या गेममध्ये चार लढवय्ये होते. तीन इतरांनी सुचवलेले, चौथी माझी. साठीची एक बाई, नऊवारी, डोक्याला पदर, आणि हातात धोपाटणं. कपडे धुताना बडवायचं ते लाकडी फळकूट. टोळीतले सगळे आधी हसले. मग चित्रं काढणाऱ्या मुलीनं तिचं चित्र काढलं आणि कुणी हसेना. मला ती म्हातारी इतकी आवडली होती की मी तिच्याशी मनातल्या मनात बोलायचे. वेडेपणा म्हणा.

पण ती मारायची तेव्हा कागदाचा पंखा हलवल्यासारखी मारायची. आमचा प्रमुख, वयानं माझ्यापेक्षा लहान पण डोक्यानं थंड माणूस, फोनवर म्हणाला, "ताई, तुमची म्हातारी हलकी पडतेय. महिनाअखेरीस पैसे लावणाऱ्यांना गेमचा नमुना पाठवायचाय. पुढच्या पंधरवड्यात जमलं तर ठीक, नाहीतर तिला काढू आणि तो राखीव ठेवलेला तलवारवाला पोरगा घालू. तो तयार आहे."

"काढून तर बघा," मी म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर मलाच धास्ती वाटली, कारण त्याचं बरोबर होतं.

हलकी का पडते, हे शोधायला मी बसले. गेममध्ये हत्यार हत्याराला लागत नाही, अंगाला अंग लागत नाही. सगळं चित्र असतं. लागतात त्या न दिसणाऱ्या पेट्या. मारणाऱ्याच्या हत्याराभोवती एक पेटी असते, ती हिटबॉक्स. मार खाणाऱ्याच्या अंगाभोवती दुसरी, ती हर्टबॉक्स. एक दुसरीला शिवली की मार लागला. आणि वेळ फ्रेममध्ये मोजायची, सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे एकामागं एक साठ चित्रं. हात उचलायला किती फ्रेम, लागायला किती, परत सावरायला किती, याचा तक्ता असतो, आणि त्या तक्त्यावरच म्हातारीचं वजन ठरतं.

पहिली चूक माझीच निघाली. मी हिटबॉक्स मुठीपासून टोकापर्यंत ऐसपैस केली होती आणि ती दोन फ्रेम आधीच जागी व्हायची. म्हणजे धोपाटणं अजून हवेत, आणि समोरचा गडी कोलमडायला लागलेला. डोळ्याला कळत नाही, पण मनाला कळतं की काहीतरी खोटं आहे. मी पेटी फळीपुरती केली, फळी खाली येते त्या चार फ्रेमपुरतीच जागी ठेवली. पण फळी इतक्या वेगानं येते की एका फ्रेमला गड्याच्या वर आणि पुढच्या फ्रेमला गड्याच्या खाली, मधे शिवलीच नाही असं व्हायला लागलं. मग आधीच्या फ्रेमपासून या फ्रेमपर्यंतची सगळी वाट पेटीत धरली, तेव्हा ते मिटलं.

मग मी हिट स्टॉप वाढवला. मार लागला की त्या क्षणी दोघांनाही, मारणारीला आणि खाणाऱ्याला, काही फ्रेम जागच्या जागी गोठवायचं. खाणारा तेवढा थोडा थरथरतो. बघणाऱ्याला वाटतं, बापरे, काय जोरात लागलं. हलक्या ठोशाला चार-पाच फ्रेम पुरतात. मी रागाच्या भरात म्हातारीला वीस दिल्या. तर खेळ अडकल्यासारखा वाटायला लागला, नेट गेल्यावर होतं तसा. अकरावर आणलं. बरं झालं, पण मनासारखं नाही. थांबून थांबून किती वजन आणणार? वजन मार लागायच्या आधी दिसलं पाहिजे, हात उचलताना. आणि हात कसा उचलायचा ते मला माहीत नव्हतं, कारण मी उभ्या जन्मात धोपाटणं हातात धरलेलं नाही. आमच्याकडे मशीन आहे.

आता आत्याबाईंबद्दल सांगते. माझ्या सासूबाई. मूळच्या भोकरकडच्या, शेतीवाल्या घरच्या. माझं लग्न झाल्यापासून चार वर्षं नांदेडला आमच्याकडेच राहतात, सुगीला गावी जाऊन येतात. बोलणं मोजून मापून. मी दिवसभर काय करते, याचं त्यांना कोडं होतं. एकदा मागं येऊन उभ्या राहिल्या, पडद्यावर दोघंजण एकमेकांना बडवत होते. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय करून राहिलीस? ह्याचे पगार देतेत व्हय?" आणि आत निघून गेल्या. भांडण नव्हतं आमच्यात. पण जवळीकही नव्हती. मी त्यांना चहा द्यायचे, त्या मला भाकरी द्यायच्या, आणि बाकी टीव्ही बोलायचा.

तर आत्याबाई मशीनमध्ये वाकळा घालू देत नाहीत. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची जाड गोधडी. थंडी सरली की त्या गच्चीवर नेऊन, भिजवून, धोपाटण्यानं बडवून धुतात. मी इकडं नेटवर कुठल्या कुठल्या देशांतल्या हातोड्यांचे व्हिडिओ बघत बसलेले, आणि वरून धप धप आवाज येतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

वर गेले. "आत्याबाई, तुमचा व्हिडिओ काढू का? कामासाठी पाहिजे."

"माझा? कशापायी?"

"आमच्या गेममध्ये एक बाई आहे. ती धोपाटण्यानं मारते."

"कुनाला?"

"चोरांना."

त्यांनी पदर सारखा केला. "काढ मंग. पन तोंड नको घेऊ, लई घाम आलाय."

मी मोबाईल साठ फ्रेमवर लावला, टाकीच्या कठड्यावर टेकवला. तोंड आलंच, पण मी म्हटलं, नंतर कापेन. त्यांनी चार धपाटे घातले आणि म्हणाल्या, "बस का?" मी म्हटलं बस.

खाली येऊन व्हिडिओ फ्रेमफ्रेमनं उलगडला. तोंड नको म्हणाल्या होत्या, म्हणून मी फक्त हात आणि धोपाटणं राहील एवढा तुकडा कापला आणि तोच बघत बसले. आणि काय सांगू, मला सोनंच सापडलं. धोपाटणं वर जाताना खांद्याच्या उंचीला येऊन अडखळत होतं. तिथंच लटकायचं. डावा हात येऊन उजव्या कोपराला खालून टेकायचा, आणि मग झटक्यात वर, आणि वरून तीनच फ्रेममध्ये खाली. बघताक्षणी कळायचं की वस्तू जड आहे. उचलवत नाही, तरी उचलली. मी फ्रेम मोजून तक्त्यात लिहिल्या. पहिल्या धपाट्याला अडखळ चार फ्रेमची, दुसऱ्याला पाचची, मग सात, मग नऊ. मला वाटलं, वा, बाईला काय लय आहे. दर धपाट्याला ताल लांबवते.

मी नऊवाला घेतला, कारण तोच सगळ्यात सुंदर दिसत होता.

चित्रं काढणाऱ्या मुलीनं तो जसाच्या तसा म्हातारीला दिला. हात उचलायला एकूण सत्तावीस फ्रेम, त्यातल्या नऊ अडखळीच्या. मी मार खाली आल्यावर म्हातारीची हर्टबॉक्स पुढं वाढवली, वाकलेल्या पाठीएवढी आणि लांब गेलेल्या हाताएवढी, आणि सावरायला तीस फ्रेम दिल्या. म्हणजे नेम चुकला तर समोरच्यानं तिला हाणलंच म्हणून समजा. त्यामुळं खेळणारा धोपाटणं उगाच फिरवत नाही, जपून वापरतो. आता म्हातारीच्या हातात वजन आलं. मी लातूरला गेले होते त्या दिवशी प्रमुखानं स्वतः दहा-बारा वेळा खेळून बघितलं. बटण दाबायचा, अडखळीला त्याचा श्वास अडकायचा, आणि धोपाटणं लागलं की सुटायचा.

"ताई, म्हातारी राहिली," तो म्हणाला. "कुठून आणलं हे?"

"घरातलं आहे," मी म्हणाले. परतीच्या बसमध्ये अहमदपूरपर्यंत मी एकटीच हसत होते.

दोन दिवसांनी त्या मुलीचा निरोप आला. हात झाला, आता म्हातारीचा चेहरा करायचाय, मारताना तोंड कसं होतं ते पाठव. मी न कापलेला व्हिडिओ उघडला. सवयीनं सरळ नऊ फ्रेमच्या अडखळीवर गेले आणि थांबवला.

आत्याबाईंचे डोळे गच्च मिटलेले होते. खालचा ओठ दातांत धरलेला. एक फ्रेम पुढं गेले, तसंच. आणखी एक, तसंच. नऊच्या नऊ फ्रेम तसंच. हात वर गेला आणि डोळे उघडले, आणि दहाव्या-अकराव्या फ्रेमला चेहरा पुन्हा नेहमीचा, कुणाला काही कळू नये असा. साठ फ्रेमच्या सेकंदात एवढ्यानं काय कळणार? समोर उभी असूनही मला कळलं नव्हतं.

पहिल्या धपाट्याला बघितलं. तिथंही होतं, चार फ्रेम. चार, पाच, सात, नऊ. माझ्याच हातानं लिहिलेला तक्ता समोर होता. कसला ताल आणि कसली लय. दर धपाट्याला खांदा जास्त दुखत होता, आणि कोपराखाली जो डावा हात यायचा तो दुखऱ्या हाताला टेकू द्यायला यायचा. आणि मी, डोळे असून आंधळी, त्यातला जास्तीत जास्त दुखलेला धपाटा निवडून घेतला होता, सुंदर दिसतो म्हणून.

मला इतकी लाज वाटली की मी लॅपटॉप बंद केला आणि उगाच ओट्यावरची स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

मग आठवायला लागलं. फळीवरचा डबा काढताना त्या स्टूल घेतात. मी म्हणायचे, एवढी उंची आहे, स्टूल कशाला. वेणी घालायच्या थांबल्या, साधा अंबाडा बांधतात, तोही मान खाली घालून. मी एकदा हसून म्हटलेलं, "आत्याबाई, फॅशन बदलली." त्यावर त्याही हसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरकडं नेलं. नेलं म्हणजे भांडून नेलं. "मला काय झालंय? न्हाई यायची," असं म्हणत चपला घालेनात. मी म्हटलं, "तुम्ही नाही आलात तर मी जेवणार नाही." वयाला न शोभणारी धमकी, पण चालली. डॉक्टर म्हणाले, खांद्यातली स्नायूची दोरी घासून सुजलीय, म्हणून हात वर नेताना खांद्यापाशी येऊन दुखतो आणि पुढं गेला की मोकळा होतो. जुनं दुखणं आहे. गोळ्या, शेक, आणि रोज भिंतीवर बोटं चढवत हात हळूहळू वर न्यायचा व्यायाम. धोपाटणं बंद.

"किती दिवसांपासून दुखतंय?" त्यांनी विचारलं.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. "झाले असतील काही दिवस," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी पहिलं काम काय केलं तर म्हातारीच्या हातातून त्या नऊ फ्रेम काढून टाकल्या. कुणाचं दुखणं उचलून आपण खेळणं करायचं आणि वर शाबासकी घ्यायची, हे मला झेपेना. हात उचलायला अठराच फ्रेम राहिल्या. सरळ वर, सरळ खाली. हिट स्टॉप बारा करून बघितला, तेरा करून बघितला, आवाज जाड करून बघितला. काही उपयोग झाला नाही. पुन्हा कागदाचा पंखा.

प्रमुखाचा फोन आला. उद्या नमुना जाणार होता. "ताई, परवा चांगली होती की. काय केलंत?"

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं. मी जबरदस्ती करणार नाही. पण अशी हलकी असेल तर मी तिला घेऊ शकत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. उद्या दुपारपर्यंत सांगा."

मला त्याचा राग आला नाही, हीच मोठी गोष्ट. तो खरं बोलत होता. म्हातारी माझी होती, तिला मी मनातून कितीदा धीर दिला होता, आणि आता मीच तिला बाहेर काढत होते. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आईलाच विचार ना." पुरुषांना कधी कधी साधं सुचतं.

सकाळी भाकरी झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन आत्याबाईंच्या खोलीत गेले. त्या भिंतीपाशी उभ्या राहून बोटं चढवत होत्या. म्हटलं, एक दाखवायचंय. त्या पलंगावर बसल्या, चष्मा घातला. मी आधी म्हातारी दाखवली, बिनअडखळीची.

"ही कोन?"

"तुम्हीच आहात. म्हणजे, तुमच्यावरूनच केली."

त्यांनी नाकातून हसल्यासारखं केलं. "लई फुर्तीची हाय की. माशी हाकलून राहिली."

मग मी दुसरी लावली. धोपाटणं खांद्यापर्यंत आलं, अडखळलं, डावा हात कोपराखाली गेला, मग वर, मग खाली. चोर गोठला, थरथरला, उडून पडला. आत्याबाई हसल्या नाहीत. "परत लाव," म्हणाल्या. मी परत लावलं. असं चार-पाच वेळा झालं.

"हितं अडकतो हात," पडद्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या.

"हो."

"असाच अडकतो."

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. तोंड कापलं ते, नऊवाला धपाटा निवडला ते, त्यावर लातूरला शाबासकी घेतली ते. "मला वाटलं ती तुमची तऱ्हा आहे. ते तुमचं दुखणं होतं. मी काढून टाकलंय ते आत्याबाई, आणि ते काढलं तर ही बाई गेममध्ये राहत नाही. राहू दे नाही राहिली तर. तुम्हाला विचारल्याशिवाय मी ते घ्यायला नको होतं."

त्या चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. पुसून झाला तरी पुसत होत्या.

"हे किती लोकं बघतेत?"

"माहीत नाही. चाललं तर पुष्कळ."

"त्यांना कळंल का, बाईचा हात अडकून राहिला म्हनून?"

"कळेल. जो तिला घेऊन खेळेल त्याला तर थांबावंच लागेल तिच्यासोबत. बटण दाबलं तरी ती तिच्या वेळेनंच मारते."

"थांबंल तो?"

"थांबावंच लागतं."

"मंग ठेव," त्या म्हणाल्या. "दुखनं माझं हाय, मी देते. ठेव तसंच."

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथंच, त्यांच्या शेजारी बसून, त्या नऊ फ्रेम परत घातल्या. एकदा चालवून बघितलं आणि लातूरला पाठवून दिलं. थोड्या वेळानं प्रमुखाचं उत्तर आलं, म्हातारी आत. मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडं बघत, तक्रार केल्यासारखं अजिबात नाही, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या,

"चार वरसं झाली दुखायला. ह्या घरात सगळ्यांसमोरच हात वर करत हुते मी."

मला रडू आलं. आवरलं नाही, आवरायचंही नव्हतं. "माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं," मी म्हणाले.

त्यांनी दुखराच हात माझ्या डोक्यावर ठेवायला घेतला. खांद्याच्या उंचीला येऊन तो अडखळला. मी डोकं खाली घेतलं, त्यांच्या हातापर्यंत.

"आलं की," त्या म्हणाल्या.